अडीच रुपयांची ढील

पत्र

सर, आमचं महालात सावजी मसाल्याचं छोटं घरगुती युनिट आहे. आता तयार सावजी पेस्टचं २०० ग्रॅमचं पाऊच काढायचं ठरवतोय. यंत्रं ३६ लाखांची, खेळतं भांडवल ४ लाख, हिशेब पाच वर्षांचा. वर्षाला १,००,००० पाऊच, आमच्या हातात पाऊचमागे ६० रुपये, बदलता खर्च ४२ रुपये, स्थिर खर्च वर्षाला ५ लाख, आजची किंमत काढायचा दर १२ टक्के. एका पाळीत यंत्र जास्तीत जास्त १,२५,००० पाऊच काढतं. एक्सेलमध्ये एनपीव्ही, म्हणजे येणाऱ्या रोकडीची आजची किंमत वजा गुंतवणूक, ८.१५ लाख आला. बँकेने भाव आणि विक्री बदलून तक्ता मागितला. विक्री १० टक्के घटवली तर एनपीव्ही २.३६ लाखांवर येतो, पण भाव १० टक्के घटवला तर थेट उणे ११.१६ लाख! दोन्हीकडे १० टक्केच, मग एवढा फरक काऊन? शीट चुकली का? यांचं म्हणणं ६० रुपयेच ठेवू. भाऊजी म्हणतात ५६ ला काढू, धडाधड विकेल. कोणाचं ऐकू?
– एक वहिनी, महाल, नागपूर

उत्तर

वहिनी, शीटमध्ये एक चूक आहे, पण तुम्हाला शंका आली तिथे नाही. आधी ती काढून टाकू.

८.१५ हा आकडा पाहिला तेव्हाच वाटलं की गुंतवणुकीचे ४० लाख कंसाच्या आत गेलेत. एक्सेलचं NPV हे सूत्र पहिली रक्कम एक वर्षानंतरची धरतं. यंत्राचे पैसे मात्र आज जाणार आहेत, त्यांना १२ टक्क्यांची घट लावून चालत नाही. म्हणून आजची रक्कम बाहेर ठेवून नुसती मिळवायची. B12 मध्ये उणे ४० लाख आणि C12 ते G12 मध्ये पाच वर्षांची रोकड असेल, तर सूत्र असं:

```
=NPV(12%,C12:G12)+B12
```

आता हातानेही ताडून पाहा. पाऊचमागे ६० वजा ४२, म्हणजे १८ रुपये सुटतात. लाख पाऊचचे १८ लाख, त्यातून ५ लाख स्थिर खर्च गेला की वर्षाला १३ लाख राहतात. पाच वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची १२ टक्क्यांनी आजची किंमत ३.६०४८ रुपये. १३ लाखांचे झाले ४६.८६ लाख. पाचव्या वर्षाअखेर खेळत्या भांडवलाचे ४ लाख परत येतील, त्यांची आजची किंमत २.२७ लाख. बेरजेतून ४० लाख वजा केले की ९.१३ लाख. याला १.१२ ने भागा, तुमचे ८.१५ येतात. चूक एवढीच होती. तिने सगळे आकडे सारख्याच प्रमाणात आकसले, त्यामुळे अधिकचं उणे झालं नाही. पण बँकेत फाइल द्यायच्या आधी दुरुस्त करा, तपासणाऱ्याच्या डोळ्यात पहिल्यांदा हेच खुपतं.

दुरुस्तीनंतर विक्री १० टक्के घटली तर एनपीव्ही २.६४ लाख, आणि भाव १० टक्के घटला तर उणे १२.५० लाख. फरक तसाच राहिला ना? तो राहायलाच हवा.

१०,००० पाऊच कमी विकले गेले तर त्यांचे ६ लाख रुपये येणार नाहीत, हे खरं. पण ते पाऊच तुम्ही बनवणारही नाही. मिरची, कांदा, तेल, फिल्म, मजुरी मिळून पाऊचमागचे ४२ रुपये वाचतील. खरा तोटा १८ रुपयांचा, वर्षाला १.८ लाखांचा. भाव ६ रुपयांनी उतरला तर मात्र लाखच्या लाख पाऊच बनवावे लागतात, खर्च दमडीने कमी होत नाही, आणि वर्षाला ६ लाख सरळ गल्ल्यातून जातात. १.८ आणि ६, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश पट. हे गुणोत्तर शीट न उघडताही काढता येतं: भाव भागिले पाऊचमागे सुटणारी रक्कम, ६० भागिले १८. सुटणारी रक्कम जितकी बारीक, तितका भावाचा धक्का मोठा. तुम्हाला पाऊचमागे ३० रुपये सुटत असते, तर तो दुप्पटच असता.

आता जरा उलट्या बाजूने विचारू. एनपीव्ही शून्यावर यायला काय व्हावं लागेल? एकटी विक्री १४ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ८५,९०० पाऊचपर्यंत घसरावी लागेल. एकटा भाव मात्र ४.२ टक्क्यांनी उतरला तरी पुरे, म्हणजे ६० वरून साधारण ५७ रुपये ४७ पैशांवर. पाऊचमागे अडीच रुपये, तुमच्या भावाला एवढीच ढील आहे. आणि ती एकट्या भावाची नाही. मिरचीचा भाव चढून बदलता खर्च ४२ चा साडेचव्वेचाळीस झाला, तरी तीच ढील तितकीच संपते. कळमन्याच्या बाजारात मिरची कशी वरखाली होते, हे मसाल्याच्या घरात मी काय सांगू!

हे अडीच रुपये जातात कुठे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासायचो तेव्हा एका संत्रा स्क्वॅशवाल्याचा तक्ता माझ्यासमोर आला होता. विक्री ३० टक्क्यांपर्यंत वरखाली करून दाखवलेली, भावाच्या ओळीला मात्र हात लावलेला नाही. विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, भाव आपल्या हातात आहे, तो कशाला बदलू?’ मीही मान डोलावली, आजही त्याची चुटपुट आहे. माल बाजारात गेला आणि वितरकाने दहावर एक फुकटची स्कीम मागितली. त्याने दिली, आणि वहीत ती जाहिरात खर्च म्हणून लिहिली. पहिल्या वर्षी विक्री ठरल्याप्रमाणे झाली, तरी हप्ता भरायची मारामार.

तुमच्या आकड्यांवर ती स्कीम लावून पाहा. वर्षाला एक लाख पाऊच बाहेर पडले आणि त्यातला दर अकरावा फुकट गेला, तर पाऊचमागे हातात ६० ऐवजी ५४ रुपये ५५ पैसे येतात. एनपीव्ही उणे १०.५३ लाख. समजा स्कीममुळे खप वाढला, पैसे देऊन घेतलेले पाऊच पूर्ण एक लाख राहिले आणि १०,००० फुकटचे वरून गेले, तर तुमचा तोटा फक्त त्या फुकट मालाच्या खर्चाचा, वर्षाला ४.२ लाखांचा. तरी एनपीव्ही उणे ६.०१ लाख. म्हणून स्कीम, उधारीवरची सूट, खराब मालाची परतफेड, दुकानात मांडणीसाठी द्यावे लागणारे पैसे, हे सगळं भावातूनच वजा करा. तुमचे ६० रुपये हे वजा करून आलेत का, तेवढं पत्रातून कळत नाही. आले नसतील तर खालचा सगळा हिशेब एक पायरी खाली सरकेल.

आता भाऊजींचं म्हणणं पाहू, कारण ते अगदीच हवेतलं नाही. भाव उतरला की खप वाढतो, हे खरं. किती वाढायला हवा, एवढंच पाहायचं. एक एक आकडा बदलून ते दिसत नाही, दोन्ही एकदम बदलावे लागतात. बँकेला हवा आहे तो तक्ताही हाच. आकडे लाख रुपयांत:

| हातात येणारा भाव | ८०,००० पाऊच | ९०,००० | १,००,००० | १,१०,००० | १,२५,००० |
|---|---|---|---|---|---|
| ५६ रु. | −१५.३८ | −१०.३३ | −५.२९ | −०.२४ | ७.३३ |
| ६० रु. | −३.८५ | २.६४ | ९.१३ | १५.६२ | २५.३५ |
| ६४ रु. | ७.६९ | १५.६२ | २३.५५ | ३१.४८ | ४३.३८ |

वरची ओळ शेवटपर्यंत वाचा. ५६ रुपये भाव, यंत्र पूर्ण क्षमतेने चाललेलं, एकही पाऊच पडून नाही, तरी एनपीव्ही ७.३३ लाख. तुमच्या यांच्या ६० रुपयांच्या साध्या अंदाजापेक्षा तो कमीच आहे. ५६ ला सुटतात १४ रुपये. ६० ला जे १८ लाख सुटतात तेवढे सोडवायला १,२८,५७१ पाऊच विकावे लागतील, आणि तुमचं यंत्र एका पाळीत १,२५,००० वर थांबतं. म्हणजे भाव पावणेसात टक्के उतरवायचा आणि खप साडेअठ्ठावीस टक्के वाढवायचा, तेव्हा कुठे जिथून निघालो तिथे परत. भाऊजींना हे वाक्य सांगू नका, ही ओळ दाखवा. दुसरी पाळी लावू म्हणतील, तर रात्रीची मजुरी आणि सुपरवायझर धरून ४२ आणि ५ लाख हे दोन्ही आकडे नव्याने काढायला सांगा.

तक्ता हातात नसताना, वितरकासमोर बसल्या बसल्या वापरायला एक आकडा पाठ करून ठेवा: १५.४७ लाख. वर्षाकाठी पाऊचची संख्या गुणिले पाऊचमागे सुटणारी रक्कम – म्हणजे भाव वजा ४२ – एवढी झाली की एनपीव्ही बरोबर शून्य. तो कोणताही भाव बोलो, त्यातून ४२ काढा आणि उरलेल्या रकमेने १५.४७ लाखांना भागा. ५८ म्हणाला तर ९६,७०० पाऊच लागतील, ६२ ला ७७,३००, ६४ ला ७०,३००. एका कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

एक्सेलमध्ये तक्ता करताना डाव्या वरच्या कोपऱ्यात एनपीव्हीचा सेल जोडा, सगळा तक्ता निवडा, मग Data मध्ये What-If Analysis, त्यात Data Table. भाव उभ्या रांगेत आणि पाऊच आडव्या रांगेत असतील तर Row input cell मध्ये पाऊचचा सेल द्यायचा, Column input cell मध्ये भावाचा. हे दोन्ही सेल तक्त्याच्याच शीटवर हवेत, नाहीतर एक्सेल घेत नाही. सगळ्या घरांत एकच आकडा आला तर दोन कारणं तपासा. रोकडीच्या ओळीत कुठेतरी ६० किंवा १,००,००० सेलऐवजी हाताने टाइप केलेले असतील, किंवा गणना Automatic Except for Data Tables वर अडकलेली असेल. तेव्हा F9 दाबायचं. आणि ६० व १,००,००० च्या घरात ९.१३ दिसलं नाही, तर बाकी तक्त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

इथवर मी भावाचीच बाजू घेतली. पण १० टक्के विरुद्ध १० टक्के या तुलनेत एक फसवणूक आहे. भाव १० टक्के हलणं आणि विक्री १० टक्के हलणं सारखंच संभवतं असं कोणी सांगितलं? भावाचा अंदाज तुम्ही बाजारातल्या इतर पेस्ट बघून बांधलाय, तो दोन-चार रुपयांत बसेल. नव्या मालाच्या खपाचा अंदाज मात्र निम्माही ठरू शकतो. सुक्या मसाल्याचं तुमचं जुनं गिऱ्हाईक पेस्ट घेईलच असं नाही; सावजी रस्सा करणारी बाई मसाला स्वतः भाजते आणि तयार पेस्टला नाक मुरडते. आमच्या घरात तरी तसंच आहे. खप ६०,००० वर अडकला तर ६० रुपये भावालाही एनपीव्ही उणे १६.८२ लाख. म्हणून दोन्ही आकड्यांना सारखी टक्केवारी लावून थांबू नका. प्रत्येकाला तुम्हाला मनापासून पटेल असा खालचा आणि वरचा आकडा द्या. भावाला ५६ ते ६४ ठीक आहे; विक्रीला ६०,००० ते १,१०,०००. आता कोणाचा धक्का मोठा? भावाचा तळ उणे ५.२९, विक्रीचा तळ उणे १६.८२. पारडं फिरलं. एका पाऊचमागे भाव नाजूक, पण खरी अनिश्चितता खपात आहे, आणि बँकेचा माणूस हुशार असेल तर हेच विचारेल.

आणखी एक. तुमच्या शीटमध्ये पहिल्या दिवसापासून लाख पाऊच विकले जातात. नवीन माल असा कधी चालतो का? पहिल्या वर्षी ४०,०००, दुसऱ्या वर्षी ७०,०००, तिसऱ्यापासून पूर्ण लाख, असं धरून पाहा. शेवटी लाखाचा पल्ला गाठलात तरी एनपीव्ही उणे ४.८२ लाख होतो, कारण बुडालेली रोकड सुरुवातीच्या, म्हणजे सर्वात महागड्या वर्षांतली आहे. पाच वर्षांच्या सरासरीने तक्ता केला की हे झाकलं जातं. विक्री एका आकड्याने न बदलता वर्षवार बदला.

याच संथ सुरुवातीवर भाव ६४ करून पाहिला तर एनपीव्ही ६.५० लाख येतो. भाव जास्त म्हणून तिसऱ्या वर्षापासूनही ९०,००० च्या वर गेला नाही, तरी २.२९ लाख उरतात. दुकानदार आणि वितरकाचं कमिशन त्याच टक्क्याने राहिलं, तर तुमच्या हातातले ६० चे ६४ व्हायला पाकिटावर, समजा, ८४ ऐवजी ९० छापावे लागतील. सहा रुपयांसाठी गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल का, हे शीट सांगणार नाही. ते कळायला यंत्र घ्यायची गरज नाही. सध्याच्या भांड्यांत हजार-दोन हजार पाऊच हाताने भरा, आणि महाल, इतवारी, सक्करदऱ्यातल्या काही दुकानांत ८४ ला, काहींत ९० ला ठेवा. दोन महिने स्कीम नाही, शेजारपाजारच्यांना वाटायचं नाही. दुसऱ्यांदा घ्यायला कोण आलं, तेवढं दुकानदाराला वहीत खूण करायला सांगा. पहिल्यांदा तर लोक नवलाईनेही घेतात.

वरचं सगळं करापूर्वीचं आहे. तुमचा सीए घसाऱ्यासह कर लावेल तेव्हा एनपीव्ही आणखी खाली येईल. नफ्यावर ३० टक्के कर आणि यंत्राचा घसारा पाच वर्षांत सारखा, असं ढोबळ धरलं तर ९.१३ चे २.८६ लाख राहतात, आणि अडीच रुपयांची ती ढील सव्वा रुपयाच्याही आत येते. आयकरात घसारा घटत्या शिल्लकेवर असतो, त्यामुळे सीएचा आकडा थोडा वेगळा येईल. तीन पूर्णांक एक तृतीयांश हे गुणोत्तर मात्र करामुळे बदलत नाही, कारण कर दोन्ही धक्क्यांचा सारखाच वाटा उचलतो.

तेव्हा वहिनी, ५६ नको. ६० वर अडून राहायच्या आधी ६४ ची चाचणी घ्या. बँकेला दोन तक्ते द्या: एक वरचा, दुसरा संथ सुरुवातीचा, दोन्ही कर धरून. दुसऱ्यात उणे आकडे दिसतील म्हणून तो लपवू नका; हप्ते दुसऱ्या वर्षापासून सुरू करून मागायला तोच कामी येईल. आणि भाऊजींची वितरकांशी ओळख आहे असं दिसतं, तर त्यांच्यावर एक काम सोपवा. वितरक पहिल्या वर्षी कोणती स्कीम मागणार, दहावर एक की वीसावर एक, ते यंत्राची ऑर्डर द्यायच्या आधी त्याच्याकडून लिहून घ्यायला सांगा. वीसावर एक म्हणाला तरी भाव ६० चा ५७ रुपये १४ पैसे होतो, आणि तुमची ढील ५७ रुपये ४७ पैशांवरच संपते.